काम दाखवा, ऑर्डर झाकून ठेवा

खडकीतल्या बऱ्याच घरांत निदान एक माणूस असा असतो, ज्याच्या कामाबद्दल घरच्यांनाही 'फॅक्टरीत आहे' एवढेच माहीत असते. अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची, हाय एक्सप्लोझिव्ह फॅक्टरी १९४० सालची. शिवाय ५१२ आर्मी बेस वर्कशॉप, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप आणि रणगाड्यांचा डेपो याच परिसरात. तीन-चार पिढ्यांनी 'फॅक्टरीत आहे' या दोन शब्दांवर नोकऱ्या काढल्या आणि त्यांचे काही अडले नाही. आताच्या पिढीचे अडते. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तासाला किती नग काढता, हे सांगितल्याशिवाय पुढची नोकरी मिळत नाही असे तिला वाटते, आणि लिंक्डइनवर सगळे जण सांगतच असतात.

हा लेख प्रामुख्याने तिच्यासाठी आहे. संरक्षण कारखान्यातला कर्मचारी, तिथला अॅप्रेंटिस आणि त्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरी-चिंचवडच्या लहान शॉपमधला माणूस, या तिघांना आपल्या कामाबद्दल कुठपर्यंत लिहिता येते ते पाहू. इतर खाजगी नोकरदारांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

आधी तुम्ही कोणत्या नियमाखाली येता ते पक्के करा, कारण इथे गैरसमज फार. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बंद होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकीचे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. 'आता आपण कंपनीत, सरकारी नियम सुटले' असे म्हणणारे तेव्हा भेटत. पण जे कर्मचारी त्या दिवशी डीम्ड डेप्युटेशनवर कंपनीत गेले, ते केंद्र सरकारचेच कर्मचारी राहिले आणि त्यांच्यावर केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ कायम राहिले. त्यातला अकरावा नियम सांगतो की अधिकार नसताना सरकारी कागद, त्याचा कोणताही भाग किंवा वर्गीकृत माहिती दुसऱ्याला देता येत नाही. आठवा नियम माध्यमांबद्दलचा आहे आणि तो लोकांना वाटतो तितका कडक नाही. निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला पूर्वपरवानगी लागत नाही. मते स्वतःची आहेत, सरकारची नाहीत, हे मात्र स्पष्ट करावे लागते. म्हणजे मोजमापशास्त्रावर लेख लिहिणे मोकळे आहे, आपल्या सेक्शनमधल्या मोजमापावर लिहिणे नाही.

भोसरीच्या शॉपमधल्या माणसाला वाटते की हे सरकारी लोकांचे नियम, आपला काय संबंध. संबंध आहे, आणि दोन वाटांनी आहे. पहिली वाट ऑर्डरच्या कागदातून येते. संरक्षण खरेदीच्या करारात एक ठरावीक कलम असते: खरेदीदाराच्या लेखी संमतीशिवाय करार, त्यातली कोणतीही तरतूद, स्पेसिफिकेशन, नकाशा, डिझाइन, नमुना किंवा माहिती तिसऱ्याला सांगायची नाही. मालकाने त्यावर सही केलेली असते. कामगाराने ते पान कधी पाहिलेलेही नसते.

दुसरी वाट कार्यालयीन गोपनीयता कायद्याची, म्हणजे शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ ची. त्याचे पाचवे कलम एकदा तरी वाचावे. ते सरकारी नोकराबरोबरच सरकारशी करार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तीला लागू होते, आणि अशा व्यक्तीच्या हाताखाली काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसालाही लागू होते. लेथवर उभा असलेला तुमचा मुलगा त्या वाक्याच्या शेवटच्या तुकड्यात बसतो. याच कलमात आणखी एक पोटकलम आहे: गोपनीय माहितीची वाजवी काळजी न घेणे किंवा तिची सुरक्षितता धोक्यात येईल असे वागणे. तिथे हेतू वाईट असण्याची गरज नाही, निष्काळजीपणा पुरतो.

नागपूरच्या प्रकरणात हेच पोटकलम महत्त्वाचे ठरले. ब्राह्मोस एअरोस्पेसच्या तिथल्या एका तरुण अभियंत्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. समाजमाध्यमावर त्याला परदेशातल्या नोकरीचे गाजर दाखवणारी खाती भेटली होती. गप्पा पुढे गेल्या, लिंका आल्या, त्यातून त्याच्या संगणकावर घातक सॉफ्टवेअर उतरले, आणि त्या संगणकावर कामाच्या गोपनीय फायली होत्या. २०२४ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीसारख्या मोठ्या आरोपांतून त्याला मुक्त केले, पण गोपनीय कागद खाजगी संगणकावर ठेवून काळजी न घेतल्याचा दोष कायम राहिला. त्याची तीन वर्षांची शिक्षा तोवर तुरुंगातच भोगून झाली होती. देशद्रोह केला नाही हे सिद्ध व्हायला आयुष्यातली इतकी वर्षे गेली. कोणाशी ओळख करायची हे समोरच्याने प्रोफाइल पाहून ठरवलेले असते, एवढे यातून लक्षात ठेवावे.

आता एक पोस्ट घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण असे मजकूर मी शेकड्यांनी पाहिले आहेत. भोसरीच्या शॉपमधली एक क्वालिटी इन्स्पेक्टर, डिप्लोमा झालेली, हुशार, मेहनती. तिने लिहिले:

'अभिमानाचा क्षण! गेले तीन महिने दोन पाळ्यांत काम करून आमच्या टीमने खडकी फॅक्टरीची ४०,००० नगांची ऑर्डर मुदतीच्या बारा दिवस आधी पूर्ण केली. रिजेक्शन ७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आणले. आमच्या सरांचे आणि सगळ्या सहकाऱ्यांचे आभार.' खाली मशीनजवळचा सेल्फी, आणि नऊ जणांना टॅग.

यात गुपित काय, असे कोणीही विचारेल. भागाचे नाव नाही, ड्रॉइंग नाही, कुठे वापरणार तेही नाही. आता जरा शत्रूच्या किंवा शेजारच्या गाळ्यातल्या प्रतिस्पर्ध्याच्या नजरेने वाचा. ग्राहक कळला. नगांची संख्या आणि महिने कळले, म्हणजे शॉपची दरमहा क्षमता कळली आणि ग्राहकाची मागणीही कळली. मुदत कधी होती ते कळले. सुरुवातीला १०० पैकी ७ नग बाद होत होते, म्हणजे या भागात काहीतरी अवघड आहे आणि ते अवघडपण अलीकडे सुटले, हेही कळले. टॅग केलेल्या नऊ जणांमुळे कोणाशी बोलायचे त्याची यादी तयार मिळाली. यातली एकेक गोष्ट निरुपद्रवी आहे. त्यांची बेरीज तशी नाही. सरकारी निविदा संकेतस्थळावर उघड असलेल्या ऑर्डरशी ही पोस्ट जोडली की भागाचे नावही मिळते. म्हणूनच 'हे तर निविदेत छापलेच आहे' या बचावात दम नाही. निविदेत काय मागवले ते असते, ते किती जमले आणि कोणी जमवले ते तुम्ही सांगता.

सेल्फी वेगळाच. चेहऱ्यामागे मशीनला लावलेले जॉब कार्ड, त्यावर ड्रॉइंग नंबर आणि बॅच. कंट्रोलरच्या पडद्यावर प्रोग्रॅम. टेबलावर गो-नो-गो गेज आणि त्यावर कोरलेले माप. २०१२ मध्ये ब्रिटनच्या हवाई दलातल्या राजपुत्र विल्यम यांच्या दिनक्रमाची छायाचित्रे अधिकृतरीत्या प्रसिद्ध झाली आणि मागच्या भिंतीवरच्या कागदावर संगणकाचे पासवर्ड वाचता आले. पासवर्ड बदलावे लागले. तिथे छायाचित्रे तपासणारी माणसे पगारावर होती. आपल्याकडे रात्री अकरा वाजता दमलेला माणूस एकटाच तपासतो. फोटो टाकायचाच तर तो पूर्ण मोठा करून चारही कोपऱ्यांत बोट फिरवा. ब्लर करून भागवू नका, कापून टाका. आणि संरक्षण कारखान्याच्या कुंपणाच्या आत तर फोटोचा प्रश्नच येत नाही. कायद्याच्या भाषेत ती निषिद्ध जागा आहे आणि तिथे फोन आत नेण्याचे नियम गेटवरच सांगितलेले असतात.

आता ही पोस्ट फेकून द्यायची का? मुळीच नाही. तिने खरेच काहीतरी केले आहे, आणि पुढच्या मालकाला त्यातला जो भाग हवा तो गोपनीय नाहीच. तिला विचारा, रिजेक्शन का होत होते? तर ती सांगेल: पातळ भिंतीचा गोल भाग, तीन जबड्यांच्या चकमध्ये घट्ट धरून आतून बोअर करायचा. धरलेला असताना बोअर अगदी गोल. चक सोडला की भाग मोकळा होतो, दाबलेल्या तीन जागा बाहेर येतात आणि भोक किंचित तिपाकळी होते. गंमत अशी की दोन टोकांनी मोजणाऱ्या बोअर गेजला ते दिसतच नाही, कारण तिपाकळी आकाराचा व्यास कुठेही मोजला तरी जवळजवळ सारखाच येतो. इन्स्पेक्शनमध्ये पास, असेंब्लीत अडकतो. तिने मोजण्याची पद्धत बदलली आणि मगच धरण्याची पद्धत बदलण्याचा मुद्दा मालकाच्या गळी उतरला.

हे मशीनिंगच्या कोणत्याही चांगल्या पुस्तकात आहे. कोणाचे गुपित नाही. पण ते समजून सांगता येणे हे दुर्मीळ आहे. तेव्हा पोस्ट अशी होईल:

'पातळ भिंतीच्या भागाचा बोअर गेजवर बरोबर येतो आणि जोडताना अडकतो, असा अनुभव आहे? तीन जबड्यांच्या चकमध्ये भाग दाबला जातो आणि सोडल्यावर तिपाकळी होतो. दोन टोकांचे गेज हे पकडत नाही. तीन टोकांच्या मायक्रोमीटरने किंवा राउंडनेस टेस्टरवर एकदा तपासा. दोष सापडला तर सॉफ्ट जॉ, कमी दाब, आणि फिनिशिंगचा कट जॉब एकदा सोडून पुन्हा हलक्या हाताने धरून. खालचे फोटो बाजारातून आणलेल्या पाइपच्या तुकड्यावर घरी केलेल्या प्रयोगाचे आहेत.'

ग्राहक नाही, संख्या नाही, तारीख नाही, शॉप नाही. तरी हिला काम येते की नाही, हे क्वालिटी मॅनेजरला दहा ओळींत कळते. पहिल्या पोस्टवरून ते कळत नव्हते. पहिलीतून एवढेच कळत होते की ती एका चांगल्या ऑर्डरच्या आसपास होती.

इथे एक रेषा जपायला हवी. सॉफ्ट जॉ सगळ्यांचे आहेत. पण मालकाने स्वतः पैसे घालून एखादे वेगळे फिक्श्चर बनवले असेल, तर त्याचे चित्र किंवा मापे तुमची नाहीत. भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही; हा सगळा भाग करार आणि न्यायालयांच्या निकालांवर चालतो. त्यात स्थूलमानाने फरक असा केला जातो की काम करताना अंगात मुरलेले सर्वसाधारण कौशल्य कामगाराचे, आणि मालकाने राखून ठेवलेली विशिष्ट माहिती मालकाची. करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळे नोकरी सोडल्यावर तुम्हाला त्याच धंद्यात काम करण्यापासून सहसा रोखता येत नाही. म्हणून गुपिते बरोबर नेण्याचा परवाना मिळतो असे नाही. रेषेवर अडलात तर स्वतःला विचारा: ही गोष्ट मला दुसऱ्या शॉपमध्ये किंवा आयटीआयच्या वर्गात शिकता आली असती का? हो असेल तर लिहा.

टक्केवारीचा मोह मात्र सुटत नाही, हे मला माहीत आहे. बायोडाटा सल्लागारच सांगतात की आकडे द्या. आकडा द्यायचाच तर मालकाला विचारून, ग्राहकाशी आणि काळाशी त्याची गाठ सोडवून द्या. 'एका पातळ भिंतीच्या भागाचे रिजेक्शन निम्म्याहून खाली आणले' एवढे पुरते. आणि लक्षात ठेवा, नोकरीच्या संकेतस्थळावर चढवलेला बायोडाटा हीदेखील पोस्टच आहे. तो कोण डाउनलोड करतो ते तुम्हाला कळत नाही. व्हॉट्सअॅप स्टेटसही त्यातच आले. चोवीस तासांत पुसले जाते म्हणून ते खाजगी होत नाही.

प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत हुद्दा आणि कौशल्य लिहा: 'क्वालिटी इन्स्पेक्टर, प्रिसिजन मशीनिंग'. कोणत्या दारूगोळ्याच्या किंवा शस्त्राच्या प्रकल्पावर आहात, कोणता सेक्शन, कोणत्या पातळीची गोपनीय कागदपत्रे हाताळता, हे लिहू नका. अॅप्रेंटिस मुले रुजू झाल्याच्या दिवशी ओळखपत्र आणि गेटपास गळ्यात अडकवून फोटो टाकतात. आनंद समजतो, पण त्या फोटोवरून पासाचा नमुना, सहीची जागा आणि क्रमांकाची पद्धत मिळते. नियुक्तिपत्राचेही तसेच. कमानीबाहेर, कार्ड खिशात ठेवून फोटो काढा.

पळण्याच्या अॅपचा मुद्दा इथे थोडा आडवा वाटेल. खडकी, रेंजहिल्स भागात पहाटे धावणारे खूप, आणि मार्गाचा नकाशा टाकण्याची फॅशन आहे. २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आले की स्ट्राव्हा अॅपने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर ओसाड भागातले लष्करी तळ उजळून दिसत आहेत, कारण तिथले सैनिक रोज धावत होते. सिव्हिलियन असाल आणि सार्वजनिक रस्त्यावर धावत असाल तर फार घाबरण्यासारखे नाही. वसाहतीच्या आत राहणाऱ्यांनी अॅपची दृश्यता 'फक्त मी' वर ठेवावी.

आणि समजा तुमची चांगली पोस्ट गाजली. मग निरोप येऊ लागतात. त्यातले बहुतेक खरे असतात. संशयाची जागा ही: भरती करणारा तुमच्या कौशल्याऐवजी तुमच्या ग्राहकाबद्दल विचारतो, मुलाखतीआधी 'कामाचा नमुना' मागतो, गप्पा लगेच दुसऱ्या अॅपवर नेतो, चाचणीसाठी एखादे सॉफ्टवेअर टाकायला सांगतो. खरी कंपनी ड्रॉइंग वाचायला देते, तुमचे ड्रॉइंग मागत नाही. असा निरोप आला तर वाद न घालता स्क्रीनशॉट ठेवा आणि कारखान्यात असाल तर सिक्युरिटी सेक्शनला, शॉपमध्ये असाल तर मालकाला दाखवा.

परवानगी मागायची तर मोघम मागू नका. 'लिंक्डइनवर लिहू का?' याचे उत्तर भीतीपोटी 'नको' असेच येते. पूर्ण मजकूर, फोटोसह, खालच्यासारख्या चार ओळींबरोबर पाठवा:

'सोबतचा मजकूर मी माझ्या वैयक्तिक खात्यावर प्रसिद्ध करू इच्छितो. यात ग्राहक, भाग, संख्या, मुदत, ड्रॉइंग यांचा उल्लेख नाही. मते वैयक्तिक असल्याचे नमूद केले आहे. हरकत असल्यास कोणत्या वाक्यावर ते कळवावे. हरकत नसल्यास लेखी होकार द्यावा.'

खाजगी कंपनीत हे एचआरकडे किंवा जनसंपर्क विभागाकडे जाते, कारखान्यात तुमच्या अधिकाऱ्यामार्फत वर जाते. उत्तर आले नाही तर तो होकार समजू नये. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, आणि खडकीत तशीही आहे, तर मोठी ऑर्डर किंवा नवे उत्पादन कंपनीने बाजाराला कळवण्याआधी सांगणे सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत अडकू शकते. तिथे कंपनीची घोषणा होऊ द्या आणि तीच शेअर करा, आपले वाक्य न जोडता.

राज्य सरकार, महापालिका किंवा जिल्हा परिषदेत असाल तर २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय वाचा. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची, वैयक्तिक खात्यावरच्या फोटो-रीलमध्ये गणवेश, पदनाम, सरकारी वाहन, इमारत टाळायची, कामाच्या यशाबद्दल लिहिताना स्वयंप्रशंसा नको, असे तो सांगतो. कंत्राटी आणि बाह्यस्रोतातून आलेल्यांनाही तो लागू आहे. 'स्वयंप्रशंसा' कोणी आणि कशी मोजायची, हे मात्र ज्याच्या त्याच्या साहेबावर राहील असे दिसते.

दुसऱ्या बाजूचेही एक सांगायला हवे. गोपनीयतेच्या कलमाचा धाक दाखवून पगार बुडवणे, अपघात दाबणे किंवा छळ झाकणे चालत नाही. त्याची तक्रार योग्य अधिकाऱ्याकडे, युनियनकडे, पोलिसांकडे करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. फक्त तक्रार अर्जात लिहा, रीलमध्ये नको. रीलमुळे मूळ तक्रार मागे पडते आणि तुमचीच चौकशी पुढे येते.

चूक होऊन गेली असेल तर पोस्ट आधी काढा, पण त्यापूर्वी तिचा एक स्क्रीनशॉट ठेवा, आणि त्याच दिवशी लेखी कळवा: काय टाकले, किती वाजता, किती वेळ होते, कोणाला टॅग केले होते. टॅग झालेल्यांना सांगा की पुढे पाठवू नका. गुपचूप पुसून गप्प बसणे हा सर्वात वाईट पर्याय, कारण नंतर कोणाचा तरी स्क्रीनशॉट निघाला की निष्काळजीपणाला लपवाछपवीची जोड मिळते.

निवृत्तांना हे सगळे लागू नाही असे वाटत असेल, तर पाचव्या कलमातले 'पूर्वी केलेल्या' हे शब्द पुन्हा पाहा. पण त्यांच्याकडे लिहिण्यासारखे इतके आहे की अडायचे कारण नाही. अॅप्रेंटिस शाळेत फाइल धरायला कसे शिकवले, भोंग्यावर चालणारे घर, क्वार्टर्समधला गणपती, कॅन्टीनच्या निवडणुका, पहिल्या पगारातून घेतलेली सायकल. १८६९ पासूनच्या कारखान्याचा हा इतिहास कोणत्याही फायलीत नाही, आणि तो लिहायला सिक्युरिटी सेक्शनचा होकार लागत नाही.